चरबी कढवायची तर कढई थंड हवी

डुकराचे मटण ज्या घरी शिजते त्या घरातील भगिनींना एक अनुभव नक्की असेल. कातड्यासकट चरबीचे तुकडे तापलेल्या कढईत टाकले की चर्र आवाज होतो, क्षणात वास सुटतो, पाच-सात मिनिटांत तुकडे तांबूस दिसू लागतात. वाटते, झाले. ताटात वाढल्यावर मात्र कातडे चामड्यासारखे चिवट लागते, दाताखाली पांढरी कच्ची चरबी गिळगिळीत येते, आणि मुले तो तुकडा हळूच ताटाच्या कडेला सारतात. कढईत उरलेले तेलही काळपट आणि जळकट वासाचे असते, म्हणून तेही टाकून दिले जाते. स्वस्त म्हणून आणलेला माल असा दोन्हीकडून वाया जातो.

यात मालाचा दोष क्वचितच असतो. दोष असतो तापलेल्या कढईचा. चरबी थंड कढईत घालायची, मग खाली मंद आच लावायची, आणि तिला तिचा वेळ द्यायचा, एवढेच हे तंत्र आहे. ऐकायला फार किरकोळ वाटते. पण थंड कढईने नेमके काय साधते हे एकदा कळले, तर घड्याळाकडे न बघताही हे काम जमते.

आपल्या घरात याला अगदी जवळचे काम आहे ते लोणी कढवण्याचे. लोणी कोणी तापलेल्या भांड्यात टाकत नाही. ते थंड पातेल्यात ठेवायचे, खाली बारीक आच करायची. आधी लोणी पातळ होते, मग त्यातले पाणी उकळू लागते, पांढरा फेस येतो, कडकड आवाज होतो. पाणी उडाले की आवाज शांत होतो, तूप स्वच्छ दिसते आणि तळाशी बेरी बसते. डुकराची चरबी कढवणे म्हणजे हेच, फक्त लोण्यापेक्षा एक अडचण जास्त. लोण्यातला स्निग्धांश मोकळा असतो. चरबीतला तसा नसतो. तो अतिशय बारीक पेशींमध्ये, जणू लहान लहान पिशव्यांमध्ये भरलेला असतो, आणि त्या पिशव्या चिवट तंतूंच्या जाळ्यात बांधलेल्या असतात. चरबीचा तुकडा हातात घेऊन ओढला तर तो लोण्यासारखा पसरत नाही, रबरासारखा ताणला जातो, तो या जाळ्यामुळेच.

आता चरबी स्वतः वितळायला फारशी उष्णता लागत नाही. आपल्या अंगाच्या उष्णतेच्या आसपासच ती मऊ होऊ लागते, म्हणून तर चिरताना हाताला लगेच ओशट लागते. पण वितळली तरी ती पिशवीतच अडकलेली असते. बाहेर यायची तर जाळे सैल व्हावे लागते, आणि ते सैल होते ओलसर उष्णतेने आणि वेळाने. पायाचा रस्सा तासभर उकळल्यावर चिकट होतो, त्यात हेच तंतू विरघळलेले असतात. कातडे तर जवळजवळ सगळे अशाच तंतूंचे बनलेले. म्हणून कातड्याला घाई चालत नाही.

तापलेल्या कढईत काय होते पाहा. चरबीतून उष्णता फार हळू आत शिरते, पाण्याच्या मानाने खूपच हळू. त्यामुळे तुकड्याची बाहेरची बाजू करपायला आली तरी आतला भाग कोमटच असतो. शिवाय कातड्यावर एकदम उष्णता पडली की ते आकसते, तुकडा वाटीसारखा वाकतो, मधला भाग कढईपासून सुटून वर उचलला जातो. तिथे आच पोचतच नाही. काही जणी म्हणतात की एकदम तापवल्याने कातड्याची छिद्रे बंद होतात आणि चरबी आत कोंडते. असे काही होत नाही. दार कोणी लावलेले नसते. बाहेरचा भाग आधी करपतो, म्हणून आतली चरबी उतरण्याआधीच आपल्याला गॅस बंद करावा लागतो, हे खरे कारण आहे.

थंड कढईत मात्र तुकड्याची आतली आणि बाहेरची बाजू जवळजवळ बरोबरीने तापत जाते. आधी थोडी चरबी वितळून तळाशी उतरते, त्या चरबीत बाकीचे तुकडे बसतात, आणि मग तीच चरबी सगळीकडून सारखी आच पोचवते. तुकडे आपल्याच तेलात तळले जातात, वरून एक थेंब घालावा लागत नाही.

आम्ही हे एका रविवारी घड्याळ समोर ठेवून करून पाहिले. त्याचा तपशील देतो, म्हणजे अंदाज येईल.

दुकानातून कातड्यासकट पाठीची चरबी अर्धा किलो घेतली. पाठीवरची चरबी पांढरीशुभ्र, घट्ट आणि जाड थराची असते. कढवायला तीच उत्तम. पोटाच्या आत गुर्द्याभोवती जी चरबी असते ती भुसभुशीत, हाताने तुटणारी. तिचे तेल सर्वांत स्वच्छ आणि कमी वासाचे निघते, पण तिला कातडे नसते, म्हणून कुरकुरीत तुकडे मिळत नाहीत. पोटाकडच्या भागात मांसाचे पट्टे जास्त येतात. तो भाग रश्शाला चांगला, कढवायला नाही, कारण चरबी उतरेपर्यंत मांस करकरीत वाळून जाते.

घेताना वास घ्यावा. ताज्या चरबीला जवळजवळ वास नसतो. शिळ्या शेंगदाण्यासारखा खवट वास आला तर ती चरबी घेऊ नये. कढवल्याने खवटपणा जात नाही, उलट घरभर पसरतो. रंग पिवळट आणि पृष्ठभाग बुळबुळीत असेल तर तीही नको.

आणखी एक गोष्ट बारकाईने पाहावी. चरबीला चिकटून मांस असेल तर त्यात भिजलेल्या साबुदाण्यासारखे पांढरे, अर्धपारदर्शक फोड दिसतात का ते बघावे. ही पट्टकृमीची अळी असते. उघड्यावर माणसाची विष्ठा खाणाऱ्या डुकरात ती सापडते. असे मांस अर्धेकच्चे खाल्ले तर माणसाच्या आतड्यात लांबलचक कृमी वाढतो. त्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडणारी अंडी न धुतलेल्या हातांनी किंवा पाण्यातून कोणाच्याही पोटात गेली, तर अळ्या मेंदूपर्यंत पोचून झटके येऊ शकतात. मग तो माणूस डुकराचे मटण खाणारा असो वा नसो. पूर्ण शिजवल्याने अळी मरते, तरी असे फोड दिसलेले मांस घेऊच नये, दुकानदार कितीही स्वस्त देवो. बंदिस्त जागी, खाद्य घालून वाढवलेल्या जनावराचे मटण मिळत असेल तर चार पैसे जास्त देऊन तेच आणावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

घरी आणल्यावर कातडे पाहिले. केस भाजून काढलेले असतात, पण खुंट राहतात. गॅसच्या आचेवर कातड्याची बाजू भर्रकन फिरवून सुरीच्या पात्याने खरवडली, मीठ-हळद लावून धुतली आणि फडक्याने कोरडी केली. मग तुकडा तासभर फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवला. फ्रिज नसेल तर पहाटेच्या गारव्यात चिरावे. मऊ चरबी सुरीखाली सरकते, तुकडे लहानमोठे होतात, आणि लहानमोठे तुकडे एकत्र कढवले की बारके जळतात तेव्हा मोठे कच्चे असतात. गार चरबी मात्र खोबऱ्यासारखी सरळ कापली जाते. बोटाच्या एका पेराएवढे चौकोनी तुकडे केले, प्रत्येकाला एका बाजूला कातडे राहील असे.

जाड बुडाची लोखंडी कढई घेतली. पातळ जर्मनच्या भांड्यात तळ एका जागी तापतो आणि तुकडे चिकटतात. तेच भांडे असेल तर खाली तवा ठेवावा. तुकडे थंड कढईत घातले, त्यावर अर्धी वाटी पाणी ओतले. पाण्याचे नाव काढताच अनेकींना आश्चर्य वाटेल. पण हे पाणी शेवटी उडूनच जाते. सुरुवातीला तळाशी चरबी जमा झालेली नसते, तेवढा वेळ हे पाणी तुकड्यांना चिकटू देत नाही आणि कढईची उष्णता उकळीच्या पलीकडे जाऊ देत नाही. शिवाय कातड्याला हवी असलेली ओलसर आच मिळते. मीठ अजिबात घातले नाही. चरबीत मीठ विरघळत नाही, ते तळाशी बसून राहते.

कढई गॅसवर ठेवली, मग गॅस पेटवला, आच अगदी बारीक. पहिली दहा मिनिटे काहीच घडत नाही. इथेच आच वाढवण्याचा मोह होतो. तुकडे नुसते चकाकू लागतात, पाण्यावर ओशट टिकल्या दिसतात. विसाव्या मिनिटाला पाणी रटरट उकळू लागले. या वेळी कढईतले सगळे दुधासारखे पांढुरके दिसते, कारण पाणी आणि चरबी एकत्र घुसळली जात असतात. पुढची पंधरा-वीस मिनिटे असेच चालू राहिले. मधून मधून झाऱ्याने हलवले, बस्स.

चाळीस मिनिटांच्या सुमारास आवाज बदलला. रटरट थांबली आणि तडतड सुरू झाली. हा सगळ्यांत सांभाळण्याचा वेळ. वर चरबी, खाली शेवटचे पाणी, त्या पाण्याची वाफ होऊन ती चरबीला फोडून बाहेर येते आणि थेंब उडतात. कढईवर झाकण पूर्ण ठेवू नये, कारण झाकणाखाली जमलेले पाणी परत तापलेल्या चरबीत पडते. जाळी असेल तर ती ठेवावी, नाहीतर झाकण तिरके. लहान मुले शेगडीजवळ नकोत.

तडतड पाच-सात मिनिटांत विरली आणि बारीक चुरचुर ऐकू येऊ लागली. आता पाहिले तर दुधाळपणा जाऊन चरबी पाण्यासारखी नितळ झाली होती, कढईचा तळ दिसत होता. याचा अर्थ ओतलेले पाणी संपले आणि आता फक्त तुकड्यांच्या आतले पाणी बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते आहे. पाणी असेपर्यंत कढई उकळीच्या वर, म्हणजे १०० अंशांच्या वर फारशी जाऊच शकत नव्हती. ते संपले की उष्णता चढू लागते. तांबूसपणा येतो तो इथून पुढे. म्हणून आधी कितीही वेळ गेला तरी तुकडे पांढरेच होते, आणि आता एकेक मिनिटाला रंग बदलतो. पहिली चाळीस मिनिटे दुसरे काम करत केली तरी चालते. शेवटची वीस मिनिटे कढईसमोरून हलू नये.

तासाभराने तुकडे निम्मे झाले, वर तरंगू लागले, फिकट सोनेरी दिसू लागले. सव्वा तासाला बुडबुडे जवळजवळ थांबले. तुकडा झाऱ्याच्या कडेने दाबला की कडक लागत होता, आणि कातड्याच्या बाजूला बारीक फोड आले होते. रंग हवा होता त्याच्या थोडा अलीकडे असतानाच गॅस बंद केला, कारण बाहेर काढल्यावरही तुकडे आतल्या उष्णतेने आणखी एक छटा गडद होतात. जे कढईतच मनाजोगे तांबडे झाले ते ताटात कडू लागतात.

तुकडे झाऱ्याने निथळून काढले आणि गरम असतानाच वरून मीठ, थोडे लाल तिखट भुरभुरले. गार झाल्यावर मीठ चिकटत नाही. चरबी पाच मिनिटे स्थिर ठेवून, कोरड्या सुती फडक्यातून स्टीलच्या डब्यात गाळली. तळाचा गाळ डब्यात जाऊ दिला नाही. अर्ध्या किलोतून सुमारे २४० ग्रॅम चरबी आणि १४० ग्रॅम कुरकुरीत तुकडे मिळाले. बाकी उडाले ते पाणी. चरबीत पाणी थोडेच असते, कातड्यात मात्र निम्म्याच्या आसपास असते.

तुलनेसाठी मूठभर तुकडे बाजूला काढून ठेवले होते, ते तापलेल्या तव्यावर टाकले. सहा मिनिटांत लाल झाले. एक तुकडा मधोमध कापला तेव्हा बाहेर केसाएवढा तांबडा थर आणि आत सगळी पांढरी, जशीच्या तशी चरबी. तव्यावर चमचाभरच तेल, तेही तपकिरी.

जनावर मोठ्या वयाचे असेल तर कातडे जाड असते आणि सव्वा तासातही मऊ पडत नाही. ओळखायची खूण अशी की चरबी सगळी उतरली, तुकड्याची चरबीकडची बाजू कुरकुरीत झाली, पण कातडे दातांना दगड लागते. अशा वेळी आधी कातड्यासकट मोठे तुकडे कुकरमध्ये थोड्या पाण्यात दोन-तीन शिट्ट्या करून घ्यावेत. गार करून, फडक्याने अगदी कोरडे करून चिरावेत आणि मग थंड कढईत घालावेत. तेव्हा वेगळे पाणी घालायची गरज नाही. कुकरच्या पाण्यावर तरंगलेली चरबीही फेकू नये. पाणी गार झाले की ती वर थिजते, ती उचलून याच कढईत घालावी. ती ओली असते म्हणून वेगळी साठवू मात्र नये.

गोव्यात सोरपोतेल करतानाही थोडीफार हीच रीत असते. आधी डुकराचे मटण उकडायचे, बारीक चिरायचे, त्याच्याच चरबीत परतायचे आणि मग व्हिनेगरचा मसाला घालायचा.

परदेशात, विशेषतः फ्रान्समध्ये, थंड तव्याची ही रीत बदकाच्या छातीसाठी प्रसिद्ध आहे. तिथे खाऊ घालून लठ्ठ केलेल्या बदकाच्या छातीवर कातड्याखाली चरबीचा जाड थर असतो. त्या कातड्यावर सुरीने शंकरपाळ्यासारख्या उभ्या-आडव्या रेघा मारतात, पण मांसापर्यंत सुरी जाऊ देत नाहीत. मीठ लावून कातड्याची बाजू खाली करून कोरड्या थंड तव्यावर ठेवतात, मग आच लावतात. तुकडा सपाट असल्याने तिथे पाणी लागत नाही. दहा ते पंधरा मिनिटे तो तसाच राहतो, मधून मधून जमलेली चरबी वाटीत ओतून घेतात, आणि कातडे पातळ, सोनेरी झाले की उलटून दुसरी बाजू थोडाच वेळ शेकतात. इथे पेच वेगळा आहे. डुकराच्या चरबीच्या तुकड्याला जेवढा वेळ द्याल तेवढा चालतो. छातीचे मांस मात्र लवकर शिजते आणि जास्त झाले की लाकूड होते. म्हणजे वरचे कातडे वेळ मागते आणि खालचे मांस घाई करते. थंड तव्यामुळे जवळजवळ सगळी आच कातड्याच्या बाजूने जाते आणि चरबीचा थर मधल्या मांसाला काही वेळ सांभाळतो. फ्रेंच लोक ते मांस आत गुलाबी ठेवून खातात. आपण ते पूर्ण शिजवावे हे बरे. आपल्याकडे, केरळच्या कुट्टनाड भागासारखी जी गावठी बदके पाळली जातात, त्यांच्या अंगावर एवढी चरबी नसते. तेव्हा त्यांच्याकडून वाटीभर तेलाची अपेक्षा करू नये. पण कातडे कुरकुरीत करायचे असेल तर कृती हीच.

काढलेल्या चरबीकडे परत येऊ. ती गार झाली की तुपासारखी थिजते आणि पांढरीशुभ्र दिसते. पिवळसर-तपकिरी दिसली तर आच जास्त झाली असे समजावे. खाण्याला ती चालते, पण भाजका वास भाजीला लागतो. थिजल्यावर तळाशी ओलसर, राखाडी थर दिसला तर पाणी राहिले आहे. अशी चरबी आठवड्यात आंबते किंवा तिला बुरशी धरते. ती परत थंड कढईत घालून चुरचुर थांबेपर्यंत कढवावी. पाण्याचा अंश नसलेली, गाळलेली चरबी घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, फ्रिजमध्ये दोन-तीन महिने सहज टिकते. ओला चमचा घालू नये, उजेडात ठेवू नये. वास खवट आला की टाकून द्यावी, फोडणीत खपवू नये.

प्रकृतीचा प्रश्न उरतो. डुकराची चरबी म्हणजे विषच, असे बोलणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यात आरोग्याच्या काळजीपेक्षा नाक मुरडण्याचा भाग किती हे वेगळे सांगायला नको. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे मराठवाड्यातील महार-मांग समाजांच्या खाण्याची नोंद करणारे पुस्तक २०१५ साली आले. तोवर अशा खाण्याविषयी छापील पानावर बोलायलाच संकोच होता. हिशोब असा आहे की ज्या प्रकारच्या स्निग्धांशाने रक्तातले कोलेस्टेरॉल वाढते, तो डुकराच्या चरबीत शेकडा चाळीसच्या आसपास असतो, आणि ज्याला कोणी नाक मुरडत नाही त्या तुपात शेकडा साठच्या आसपास. म्हणजे ती तुपापेक्षा वाईट नाही. पण शेंगदाणा किंवा करडईच्या तेलाची जागाही तिने घेऊ नये. रोजच्या स्वयंपाकाचे तेल म्हणून नव्हे, तर आठवड्यातून एखादे दिवशी चवीपुरती वापरावी. ज्यांना हृदयविकार किंवा रक्तदाब आहे त्यांनी तुपाला जे पथ्य तेच हिला पाळावे, आणि खारवलेले कुरकुरीत तुकडे तर अगदी मोजून खावेत. एका वेळी पाच-सहा तुकडे, भाकरी, कांदा आणि सोबत ताक, एवढे पुरे. उरलेले तुकडे कुटून मेथीच्या किंवा वांग्याच्या भाजीत शेवटी घालावेत. आधी घातले तर ते पाणी पिऊन पुन्हा चामड्यासारखे होतात.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. कढईतून निळसर धूर येऊ लागला तर आच फार झाली. गॅस बंद करावा आणि कढई तिथेच गार होऊ द्यावी. चरबीने पेट घेतलाच तर वर पाणी मुळीच ओतू नये, पाण्याने भडका उडतो. गॅस बंद करून वर सपाट झाकण किंवा परात ठेवावी आणि ती बराच वेळ उचलू नये. पेटलेली कढई उचलून मोरीकडे धावणे तर सर्वांत धोक्याचे.

आणि धुण्याआधी कढईतली उरलेली चरबी मोरीत ओतू नये. नळात जाऊन ती थिजते, आणि चाळीत वरच्या मजल्यावरच्या चरबीने खालच्या घरची मोरी तुंबते. भांडण मग कोणाशी करायचे? कढई कोमट असताना कागदाने पुसून घ्यावी. त्याहून बरे म्हणजे त्याच कढईत मोहरी, लसूण, हिरवी मिरची टाकून पिठले करावे. तळाला चिकटलेली खमंग बेरी त्यात सुटून येते, आणि कढई घासायला अर्धी राख लागते.